शंभर महिन्यांचे भाडे आणि राज्यघटनेतले दोन भाग

दक्षिण मुंबईतली एक जुनी इमारत डोळ्यांसमोर आणा. तीन मजले, वीस खोल्या, लाकडी जिने, सामाईक गॅलरी, छताला टेकू. अशा इमारतींकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो, म्हणून कागदोपत्री त्यांना उपकरप्राप्त म्हणतात आणि बोलताना सगळे ‘सेस बिल्डिंग’ म्हणतात. भाडेकरू दोन-तीन पिढ्या तिथेच आहेत. भाडे मात्र १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १९४० च्या दरांच्या आसपास थिजवून ठेवले. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात पायरीही दुरुस्त होत नाही. भाडेकरू म्हणतात, उद्या छत अंगावर कोसळले तर आम्ही जायचे कुठे?

१९८६ मध्ये महाराष्ट्राने म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले. अशा इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज केला, तर मंडळ इमारत संपादित करून त्या संस्थेला देऊ शकते. मालकाला किती मिळणार? मासिक भाड्याच्या शंभर पट. आपल्या कल्पनेतल्या इमारतीत खोलीचे भाडे पन्नास रुपये धरले, तर वीस खोल्यांचे महिन्याचे हजार रुपये होतात. चौदा रहिवासी एकत्र आले की अर्ज करता येतो, आणि मालकाच्या हाती येतात एक लाख रुपये. मुंबईतल्या जमिनीसह इमारतीचे.

मालक न्यायालयात गेले. सर्वांशी समान वागणूक देणारा अनुच्छेद १४ आणि व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ यांचा भंग होतो, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने बोट ठेवले अनुच्छेद ३९ च्या खंड (ख) वर. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि ताबा सर्वांच्या हिताला पोचेल अशा रीतीने वाटला जावा, असे तो खंड सांगतो. एका बाजूला मूलभूत हक्क, दुसऱ्या बाजूला मार्गदर्शक तत्त्व. मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कायदा टिकवला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे पाच, सात, नऊ अशा चढत्या संख्येच्या खंडपीठांकडे सोपवले जात राहिले. नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ ला. इतका वेळ का लागला हे समजायचे तर राज्यघटनेच्या भाग तीन आणि भाग चार यांच्यातले नाते पाहावे लागते, आणि ते नाते पंचाहत्तर वर्षांत बरेच बदलले आहे.

भाग तीनमधल्या हक्कांना दात आहेत. अनुच्छेद १३ म्हणतो, हे हक्क हिरावणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा तेवढ्यापुरता शून्य. अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. भाग चारमधल्या तत्त्वांचे तसे नाही. उपजीविकेची साधने, मुलांचे शिक्षण, कामगारांना निर्वाह वेतन, संपत्तीचे केंद्रीकरण रोखणे अशी ती सगळी सरकारला सांगितलेली कामे आहेत. ती झाली नाहीत म्हणून कोणी दावा लावू शकत नाही. अनुच्छेद ३७ हेच सांगतो, पण त्याचा पुढचा अर्धा भाग लोक विसरतात. ही तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असेही तो म्हणतो. एकाच अनुच्छेदात ‘न्यायालयात लागू करता येणार नाही’ आणि ‘मूलभूत’ हे दोन्ही आहे. सगळा वाद या दोन अर्ध्यांपैकी कुठला अर्धा मोठ्याने वाचायचा, याचा.

पहिल्यांदा पहिला अर्धा मोठ्याने वाचला गेला. मद्रास प्रांतात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठी जातीनिहाय वाटणी होती. दर चौदा जागांत ब्राह्मणेतर हिंदूंना सहा, मागास हिंदूंना दोन, ब्राह्मणांना दोन, हरिजनांना दोन, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चन यांना एक आणि मुसलमानांना एक. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण महिलेने त्याला आव्हान दिले. गंमत म्हणजे तिने प्रवेशासाठी अर्जच केलेला नव्हता, चौकशी करून ती थेट उच्च न्यायालयात गेली होती. सरकारने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताचे अनुच्छेद ४६ पुढे केले. एप्रिल १९५१ मध्ये सात न्यायमूर्तींच्या वतीने न्या. सुधी रंजन दास यांनी लिहिले की मूलभूत हक्क पवित्र आहेत आणि मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांच्याशी जुळवून, त्यांच्या हाताखाली चालले पाहिजे. वाटणी रद्द झाली. संसदेने त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून अनुच्छेद १५ मध्ये खंड (४) घातला आणि मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीची वाट मोकळी केली.

हा निकाल चुकीचा होता, असे आज म्हणणे सोपे आहे. पण त्यातला तर्क समजण्यासारखा आहे. लागू करता येणाऱ्या आणि न येणाऱ्या गोष्टी समोरासमोर आल्या, तर लागू करता येणारीच जिंकणार. अडचण अशी की मग भाग चार नुसता शोभेचा उरतो. आणि एकाच दस्तऐवजातल्या एखाद्या भागाला शोभेचा ठरवणे हे कायद्याच्या वाचनाच्या जुन्या नियमात बसत नाही. तो नियम सांगतो की एकाच कायद्यातल्या दोन तरतुदी भांडताना दिसल्या, तर दोन्ही जिवंत राहतील असा अर्थ आधी शोधा. यालाच सुसंवादी अर्थान्वयन म्हणतात. इथे मोजमाप ‘कोण मोठे’ असे नसते, ‘दोघांना जागा कशी करायची’ असे असते.

सात वर्षांनी हाच शब्द वापरला, तोही त्याच दासांनी. ते आता सरन्यायाधीश होते. केरळमधल्या साम्यवादी सरकारच्या शिक्षण विधेयकाविषयी राष्ट्रपतींनी न्यायालयाचा सल्ला मागितला होता. विधेयकातल्या एका कलमाने प्राथमिक वर्गात फी घ्यायला बंदी केली होती. सरकारचा आधार होता अनुच्छेद ४५, म्हणजे मुलांना मोफत शिक्षण. अल्पसंख्याकांच्या शाळा म्हणत होत्या की फी बंद झाली आणि भरपाई मिळाली नाही, तर अनुच्छेद ३० ने दिलेला शाळा चालवण्याचा हक्क नावापुरता उरेल. न्यायालयाचे उत्तर पाहण्यासारखे आहे. मोफत शिक्षण द्यायची जबाबदारी सरकारची खरीच आहे, पण ती सरकारी आणि अनुदानित शाळांमधून पार पाडता येते. त्यासाठी अल्पसंख्याकांच्या शाळा मोडीत काढायची गरज नाही. म्हणजे तत्त्वाचे उद्दिष्ट मान्य, हक्कही मान्य. बदलायचा तो फक्त मार्ग. मार्गदर्शक तत्त्वांकडे न्यायालयाने पूर्ण दुर्लक्ष करू नये, दोन्हींना शक्य तितका परिणाम द्यावा, असे दासांनी स्पष्ट लिहिले. तरीही त्या काळी दोन्ही जमले नाही तर हक्काचाच हात वर, हा सूर कायम होता.

पुढे पारडे दुसऱ्या बाजूला झुकवायचा प्रयत्न संसदेने केला. १९७१ च्या २५ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१-ग जन्माला आला. आपल्या इमारतीची कथा या अनुच्छेदाशिवाय कळत नाही, म्हणून इथे जरा थांबू. त्याचे दोन भाग होते. पहिला भाग म्हणाला, ३९ च्या खंड (ख) किंवा (ग) मधले तत्त्व अमलात आणणारा कायदा हा १४, १९ आणि तेव्हा अस्तित्वात असलेल्या संपत्तीच्या अनुच्छेद ३१ चा भंग करतो म्हणून शून्य होणार नाही. दुसरा भाग म्हणाला, कायद्यात ‘हे तत्त्व अमलात आणण्यासाठी’ असे जाहीर केले असेल, तर ते खरे आहे का हे न्यायालयाला विचारता येणार नाही. पहिला भाग ही ढाल. दुसरा भाग म्हणजे ढालीवर नाव लिहिले की ती खरी, असा हुकूम.

२४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी निकाल दिला. ढाल राहिली, हुकूम गेला. विधिमंडळाने काहीही जाहीर केले तरी कायदा आणि खंड (ख) यांचा खरोखर संबंध आहे का, हे न्यायालय पाहणारच. कारखान्याचा परवाना रद्द करून वर ‘समाजहितार्थ’ असे लिहिले, तर त्या शिक्क्याला किंमत नाही. एखाद्या कायद्याला ही ढाल मिळते का, हे पाहायचे असेल तर तीन प्रश्न विचारावे. कायदा ज्या वस्तूला हात घालतो ती ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ आहे का? त्यातली योजना ‘वाटप’ आहे का? आणि कायदा राज्याचा असेल, तर त्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली आहे का? शेवटची अट अनुच्छेदाच्या परंतुकात आहे. आणि हेही लक्षात ठेवायचे की ढाल आज १४ आणि १९ पुरतीच आहे; जीविताच्या अनुच्छेद २१ पुढे ती चालत नाही.

१९७६ च्या आणीबाणीत ४२ व्या दुरुस्तीने ढाल मोठी केली. खंड (ख) आणि (ग) हे शब्द काढून तिथे ‘भाग चारमधली सर्व किंवा कोणतीही तत्त्वे’ असे शब्द घातले गेले. आता कुठल्याही तत्त्वाचे नाव घेऊन केलेल्या कायद्यापुढे समता आणि स्वातंत्र्य दोन्ही हतबल. बंगळुरूची मिनर्व्हा मिल्स ही केंद्राने राष्ट्रीयीकृत केलेली कापड गिरणी. तिच्या मालकांच्या वतीने नानी पालखीवाला उभे राहिले. ३१ जुलै १९८० रोजी चार विरुद्ध एक मतांनी ही वाढ रद्द झाली. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा. भाग तीन आणि चार रथाच्या दोन चाकांसारखे आहेत, एकाला कमी मान देऊन चालत नाही, ही प्रतिमा या निकालामुळे सर्वांना माहीत झाली.

पण मला त्यातला दुसरा विचार जास्त उपयोगी वाटतो. भाग चार सांगतो कुठे पोचायचे, भाग तीन सांगतो कोणत्या वाटेने. ध्येयासाठी वाटच उखडली, तर ध्येयालाही अर्थ उरत नाही, असे चंद्रचूडांचे म्हणणे होते. म्हणून दोन्हींमधला मेळ हा घटनेच्या मूळ ढाच्याचा भाग ठरला, आणि मूळ ढाचा संसदेलाही मोडता येत नाही. दुसरी बाजू एकट्या न्या. पी. एन. भगवतींची. त्यांच्या मते वाढवलेला ३१-ग मेळाला मोडत नव्हता, उलट गरिबांच्या बाजूने मेळ घालत होता, फक्त कायद्याचा तत्त्वाशी खरा संबंध हवा. सुसंवाद सगळ्यांनाच हवा होता. भांडण होते ते सुसंवाद म्हणजे काय, यावर.

यानंतर न्यायालयाने एक वेगळी युक्ती जास्त वापरायला घेतली. आतापर्यंत तत्त्वाला हक्काच्या समोर उभे केले जाई. आता तत्त्वाला हक्काच्या आत नेले. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि अन्य काही जण न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा असा की पदपथावरून हटवले तर काम सुटते, काम सुटले तर जगणे सुटते. जुलै १९८५ च्या निकालात चंद्रचूडांनी ३९(क) आणि ४१ या तत्त्वांकडे पाहिले. उपजीविकेची पुरेशी साधने आणि काम मिळवून देण्याचे कर्तव्य राज्यावर आहे. मग जगण्याच्या हक्कातून उपजीविका वगळणे हा पंडिती काथ्याकूट ठरेल, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. ४१ खाली कोणी ‘मला काम द्या’ असा दावा लावू शकत नाही, हे तसेच राहिले. पण कायदेशीर, न्याय्य पद्धतीशिवाय उपजीविका हिरावली गेली, तर २१ चा भंग म्हणून आव्हान देता येते.

इथे वाचकाने एक चूक टाळावी. हा खटला पदपथवासी जिंकले, असे बरेच जण समजतात. ते जिंकले नव्हते. हटवण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. साधारणपणे आधी नोटीस द्यावी, म्हणाले. पावसाळा जाऊ दे म्हणून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कारवाई थांबवली. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितले. तत्त्वाने हक्काचा अर्थ मोठा केला, पण पैसा आणि जागा निर्माण करणे न्यायालयाच्या हातात नव्हते. सुसंवादी अर्थान्वयनाची मर्यादा याहून स्पष्ट क्वचितच दिसते.

आता परत आपल्या इमारतीकडे. २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींसमोर दोन प्रश्न होते आणि पहिला वरकरणी अगदी तांत्रिक. १९८० मध्ये ४२ व्या दुरुस्तीचे ते कलम रद्द झाले, मग ३१-ग मधले जुने शब्द परत आले का? मालकांचा युक्तिवाद असा की ‘(ख) आणि (ग)’ हे शब्द १९७६ मध्येच खोडले गेले. त्यांच्या जागी आलेले शब्द १९८० मध्ये गेले. म्हणजे तिथे आता काहीच नाही, ढालच नाही.

समजा वहीत कोणी ‘राम’ खोडून ‘श्याम’ लिहिले आणि नंतर गुरुजी म्हणाले की तुला हे करायचा अधिकारच नव्हता. मग वहीत काय राहिले? न्यायालय म्हणाले, खोडणे आणि लिहिणे ही एकच कृती होती. संसदेने शब्द काढले ते नवे घालण्यासाठी, नुसते काढण्यासाठी नव्हे. कृतीच अवैध ठरली, तर खोडणेही अवैध. म्हणून ३१-ग हा केशवानंद निकालाने ठेवला तेवढा जिवंत आहे. या मुद्द्यावर नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते. योगायोग असा की १९८० चा निकाल यशवंत चंद्रचूडांचा, आणि त्या निकालाने नेमके काय उरले हे सांगणारा निकाल लिहिला त्यांचे पुत्र सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी.

दुसरा प्रश्न गाभ्याचा होता. ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ यात खासगी मालकीची वस्तू येते का? १९७७ मधल्या एका खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी वेगळ्या निकालपत्रात म्हटले होते की येते, जवळजवळ सगळीच. त्या वेळी बहुमताने त्या मताशी आपण सहमत नाही, असे मुद्दाम नोंदवले होते. तरी १९८२ मध्ये संजीव कोक खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तेच मत आधाराला घेतले. अल्पमत नकळत नियम होऊन बसले, आणि चाळीस वर्षे चालले. म्हणूनच एखादा उतारा कुठल्या निकालपत्रातला आहे, बहुमताचा की वेगळ्या मताचा, हे वकील आधी पाहतात.

बहुमताने २०२४ मध्ये ती वाट बंद केली. खासगी संपत्ती कधीच येत नाही, असे ते म्हणाले नाहीत. प्रत्येक खासगी वस्तू येते, हे मात्र नाकारले. त्या वस्तूचे स्वरूप काय, तिच्यावर समाजाचे हित किती अवलंबून आहे, ती किती दुर्मिळ आहे, ती मोजक्यांच्या हाती साठली तर काय होते, हे बघून ठरवायचे. न्या. नागरत्ना यांनी वेगळे मत लिहीत अंशतः सहमती दर्शवली, न्या. धुलिया यांनी असहमती.

या कसोट्या आपल्या वीस खोल्यांना लावून पाहू. मालकाचे घड्याळ, त्याची गाडी यांत कोणी समाजाची साधनसंपत्ती शोधणार नाही. पण दाटीवाटीच्या बेटावर जागा दुर्मिळ, पडझड झाली तर जीव जाणार, आणि वीस कुटुंबे एकाच मालकाच्या मर्जीवर. तिथे उत्तर ‘हो’ असू शकते. आणि ‘हो’ आले की ढाल मिळते, शंभर पट भाड्याचे गणित समतेच्या तराजूवर तोलता येत नाही. ‘नाही’ आले तर ते तोलावे लागते, आणि तेव्हा एक लाख रुपये हा आकडा नीट समजावून सांगणे सरकारला कठीण जाईल. नऊ न्यायमूर्तींकडे मागितले होते ते शब्दांचे अर्थ. आठ-अ प्रकरण वैध की अवैध, हे त्यांनी त्या दिवशी ठरवले नाही.